आठ सेकंदांत मावेल तेवढंच बोला: एआय क्लिपमधलं पात्र मराठीत कुठे अडखळतं?

तुमच्या व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एआय क्लिप एकदा नीट आठवून बघा. बाजारात उभा माणूस, समोर माईक, एकच वाक्य, आणि कट. मग दुसरं तोंड, दुसरं वाक्य, पुन्हा कट. कुणीही दोन वाक्यं सलग बोलत नाही. कुणी बोलता बोलता अडत नाही, समोरच्याचं ऐकून मान हलवत नाही. हा काही क्रिएटर लोकांच्या आवडीचा प्रश्न नाही. ही क्लिप ज्या प्रॉम्प्टमधून निघते, त्याच्या मर्यादेचा तो साचा आहे. हा साचा कळला की चांगली क्लिप बनवताही येते आणि दुसऱ्याची ओळखताही येते.

गुगलने व्हिओ 3 हे मॉडेल 20 मे 2025 ला जाहीर केलं आणि जुलैमध्ये ते भारतात आलं. त्याआधीही एआयने व्हिडिओ बनत होते, पण मुके. व्हिओ 3 मध्ये चित्र आणि आवाज एकत्रच तयार होतात: पात्राचं बोलणं, मागचा गोंगाट, ढोल, सगळं. एका क्लिपची लांबी आठ सेकंद. त्यानंतर दीड महिन्यातच, 23 ऑगस्टला, नागपूरच्या इतवारीत मारबत निघाली. मोबाईलमध्ये बोलतं पात्र बनवण्याची सोय हाताशी असताना आलेली ती पहिली मारबत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी आणि जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत निघते. काळीची परंपरा 1881 पासूनची आणि पिवळीची 1885 पासूनची सांगतात. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, कधी एखादा पुढारी. बडग्याच्या अंगावर पाटी असते आणि पाटीवर एक झणझणीत ओळ. एक चेहरा, एक भावना, एक ओळ. बोलत्या क्लिपचा प्रॉम्प्ट म्हणजे अगदी हेच. फक्त इथे ती ओळ वाचायची नसते, ती तोंडातून बाहेर पडायची असते. आणि घोळ तिथेच होतो.

म्हणून या लेखात एकच क्लिप घेऊ आणि शेवटपर्यंत सोडवू. प्रसंग असा: इतवारीतला मसाल्याचा दुकानदार. लांबून ढोल ऐकू येतात. तो समोरच्या दुकानदाराला हाक मारून सांगतो की मारबत आली.

पहिल्यांदा लिहायला बसलेला कुणीही साधारण असं वाक्य लिहील: "भाऊ, मारबतीच्या दिवशी सकाळपासून इतवारीत एवढी गर्दी असते की दुकानाचं शटर अर्धंच उघडून ठेवावं लागते आणि गिऱ्हाईकही वरच्या गॅलरीतून मिरवणूक पाहून राहतात." वाक्य छान आहे, नागपुरीही आहे. शब्द 22. इंग्रजीतल्या प्रॉम्प्ट गाईडमध्ये शब्द मोजायला सांगतात, आणि आठ सेकंदांत इंग्रजीचे वीसेक शब्द आरामात बसतात. म्हणून वाटतं की आपलंही थोडंफार ओढूनताणून बसेल.

बसत नाही. मराठी शब्द मोजून काही कळत नाही, कारण आपण विभक्ती, शब्दयोगी अव्यय, "सुद्धा" नि "च" सगळं एकाच शब्दाला चिकटवतो. "सकाळपासून" हा एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन होतील. म्हणून अक्षरं मोजा. वरच्या वाक्यात लिहिलेली 77 अक्षरं आहेत, जोडाक्षर एक धरून. बोलताना आपण सेकंदाला साधारण पाच अक्षरं सहज उच्चारतो, घाईत असलो तर सहा. म्हणजे हे वाक्य नीट बोलायला पंधरा सेकंद लागतील. क्लिप आठची.

आता मॉडेल काय करतं ते महत्त्वाचं आहे. ते "हे बसणार नाही" असं सांगत नाही. ते बसवतं. कधी पात्र क्रिकेट कॉमेंट्रीच्या वेगाने बोलतं, कधी मधले शब्द गिळतं, कधी "गॅलरीतून मिर..." वर क्लिप संपते. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे मधली चार-पाच अक्षरं मराठीसारखी ऐकू येतात पण मराठी नसतात. लाटेसारखा आवाज येतो, अर्थ शून्य. हिंदी किंवा इंग्रजी ऐकणाऱ्याला ते कळणारही नाही.

आणि आठही सेकंद बोलायला मिळत नाहीत. सुरुवातीला पात्राला श्वास घ्यायला जागा द्यावी लागते, नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं. शेवटी तोंड मिटायला अर्धा-एक सेकंद हवा. उरतात सहा. सहा गुणिले पाच, म्हणजे तीस अक्षरं. माझा नियम असा की 30 च्या वर गेलं की वाक्य कापायचं, अपवाद नाही.

उलट बाजूही आहे. "आली!" एवढंच लिहिलं तर उरलेले सात सेकंद पात्र गप्प बसेलच असं नाही. आवाजाची जागा रिकामी दिसली की मॉडेल ती भरायला बघतं. मग माणूस उगाच काहीतरी पुटपुटतो किंवा तोच शब्द दोनदा म्हणतो. म्हणून ओळ छोटी असेल तर बाकीच्या वेळात पात्र काय करतंय हे लिहावं लागतं: ऐकतोय, वळून बघतोय, ओठ मिटलेले.

तर आपली ओळ कापूया: "काळी मारबत येऊन राहिली भाऊ, शटर अर्धं पाड! बाकीचं बोलू मंग." अक्षरं 28. साडेपाच सेकंदांत होते.

यात गर्दीचं वर्णन गेलं, गॅलरी गेली. पण गर्दी दाखवायला कॅमेरा आहे ना. संवादात फक्त तेच ठेवायचं जे चित्रात दिसू शकत नाही.

आता पूर्ण प्रॉम्प्ट. दृश्याचं वर्णन इंग्रजीत आणि ओळ देवनागरीत ठेवलेली बरी. ओळ रोमन लिपीत लिहिली, म्हणजे "yeun rahili bhau", तर उच्चार इंग्रजीकडे घसरायला लागतात. देवनागरीत तो धोका कमी. मात्र दुसरा येतो, त्याकडे पुढे येतोच.

```
Medium close-up, static camera, face three-quarters to camera.
A clean-shaven shopkeeper in his fifties, white kurta, inside
a spice shop in an old Indian market. Daylight from the street.
First second: he listens towards the street, lips closed.
Then his eyebrows go up, he leans out and calls to the shop
opposite, in Marathi, quick, excited, a little out of breath:
काळी मारबत येऊन राहिली भाऊ, शटर अर्धं पाड! बाकीचं बोलू मंग.
After the line he closes his mouth and grins.
Audio: distant dhol drums, crowd. No music. No subtitles.
```

यातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा लिहिल्या आहेत. ओळीआधी विसर्गचिन्हासारखा कोलन आहे, अवतरणचिन्हं नाहीत. ओळ अवतरणात टाकली की मॉडेलला ती पडद्यावर लिहावीशी वाटते आणि खाली मोडक्यातोडक्या देवनागरीत सबटायटल उमटतात, असा अनुभव खूप लोकांना आला. म्हणून शेवटी "No subtitles" सुद्धा. हमी नाही, पण बऱ्याचदा चालतं.

दुसरं, भावना. नुसतं "excited" लिहिलं तर पात्र मराठी मालिकेतल्या सासूसारखं डोळे मोठे करतं. भावनेचं नाव एकदा पुरे, त्याच्यासोबत शरीर काय करतं ते लिहा: भुवया वर, पुढे झुकला, धाप लागलेली. "थोडी धाप लागलेली" हे आवाजातही उतरतं, चेहऱ्यावरही. आणि एका क्लिपमध्ये भावनेचं वळण एकच ठेवा. इथे आहे ते असं: ऐकतोय, मग उत्साह. "आधी घाबरतो, मग हसतो, मग डोळ्यात पाणी" असं तीस अक्षरांत कुठलाच नट करणार नाही, मॉडेलही करत नाही.

तिसरं, दुकानदाराला मिशी नाही. इतवारीत बिनमिशीचा मसालेवाला शोधावा लागेल, मान्य. पण जाड मिशी वरचा ओठ झाकते, आणि आपल्याला ओठच तपासायचे आहेत.

तपासायचे कसे? मराठीत प, ब, भ, म ही अक्षरं ओठ पूर्ण मिटल्याशिवाय निघत नाहीत. (फ मुद्दाम सोडला, कारण आपल्यातले बरेच जण तो खालचा ओठ दाताला लावून म्हणतात.) आपल्या ओळीत अशी अक्षरं सात आहेत: मारबतमधले म आणि ब, भाऊचा भ, पाडचा प, बाकीचंचा ब, बोलूचा ब, मंगचा म. क्लिप सेकंदाला 24 फ्रेमची असते, आणि ओठ मिटलेले राहतात ते साधारण दोन फ्रेम. व्हिडिओ एडिटरमध्ये क्लिप टाका, एकेक फ्रेम पुढे सरका आणि त्या सात जागा बघा. साती ठिकाणी ओठ टेकले तर क्लिप पास. "मारबत"च्या ब ला तोंड उघडं असेल तर पुन्हा जनरेट करा, घासाघीस करत बसू नका.

हे एवढं काटेकोर कशाला, असं वाटेल. कारण डोळा कानाला फसवतो. 1976 मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या दोघांनी दाखवलं की कानावर "बा" आणि पडद्यावर "गा" म्हणणारं तोंड आलं, तर बऱ्याच लोकांना "दा" ऐकू येतं. म्हणजे चुकलेला ओठ फक्त दिसायला वाईट नसतो, त्याने शब्दच बदलल्यासारखा वाटतो. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण "काहीतरी गडबड आहे" हे लगेच कळतं.

आता देवनागरीचा धोका. देवनागरीत हिंदीही लिहितात, आणि इंटरनेटवर हिंदी आवाज मराठीपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यामुळे मॉडेल आपली ओळ बऱ्याचदा हिंदी माणसासारखी वाचतं. "काळी"ची "काली" होते. "बाकीचं"मधला च आपण दंत्य म्हणतो, त्सच्या जवळचा. मॉडेल तो कडक तालव्य म्हणतं. लिपीत या दोन च मध्ये फरकच नाही, मग त्याला कळणार कुठून? आपण तो फरक घरात ऐकून शिकतो. ज, झ यांचंही तेच. "येऊन राहिली" सारखी वऱ्हाडी-नागपुरी रचना मात्र बहुतेक वेळा सुखरूप येते, कारण ती शब्दांच्या क्रमात आहे, उच्चारात नाही. पण चाल मात्र हिंदी बातम्यांची लागते. नागपूरकर "भाऊ" कसा ओढतो ते कुठल्याही प्रॉम्प्टमध्ये मला अजून लिहिता आलेलं नाही.

यावर उपाय आहे आणि तो ओठांच्याच हिशेबातून निघतो. ल आणि ळ म्हणताना फरक पडतो तो जिभेचा, आणि जीभ तोंडाच्या आत असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोन च चंही तसंच, न आणि ण चंही. म्हणजे चित्र बरोबर आहे आणि फक्त उच्चार हिंदी झालाय, तर क्लिप फेकायची गरज नाही. क्लिपचा आवाज बंद करा, हेडफोन लावून मूळ वेग ऐका आणि तीच ओळ त्याच वेगात स्वतः किंवा घरातल्या एखाद्या काकांकडून रेकॉर्ड करून घ्या. मागचे ढोल वेगळे टाका. "काली"च्या ओठांवर "काळी" बेमालूम बसते. पण मॉडेलने "पाड" ऐवजी "टाक" म्हटलं असेल तर तिथे प चा ओठ मिटलेलाच नाही, तुमचा आवाज कितीही चांगला असो. जिभेची चूक डबिंगने सुटते, ओठांची सुटत नाही.

(ओठच बदलायचे असतील तर लिपसिंकची वेगळी साधनं आहेत. त्यातलं खूप वापरलं गेलेलं वाव्हटूलिप 2020 मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी काढलं. ते तयार व्हिडिओ आणि कुठलाही आवाज घेतं आणि चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग पुन्हा रंगवतं. म्हणून अशा व्हिडिओत कधी कधी डोळे धारदार आणि हनुवटीजवळचा भाग किंचित धुरकट दिसतो.)

दोन पात्रं घेऊ का, हा प्रश्न हमखास येतो. समोरच्या दुकानदाराने उत्तर द्यायला हवं, नाही का? एकाच क्लिपमध्ये नको. दोन तोंडं फ्रेममध्ये असली की एकाची ओळ दुसऱ्याच्या तोंडी जाते, किंवा दोघंही ओठ हलवतात आणि आवाज एकच. शिवाय तीस अक्षरं दोघांत वाटायची. त्यापेक्षा दुसरी क्लिप करा आणि जोडा. फक्त मग पहिल्या दुकानदाराला तिसऱ्या क्लिपमध्ये परत आणायचं असेल तर त्याचं वर्णन शब्दन्‌शब्द तेच ठेवा. नुसतं "same shopkeeper" लिहून भागत नाही, त्या क्लिपला आधीची आठवत नाही. चेहरा टिकवायला पहिल्या क्लिपमधली एक फ्रेम फोटो म्हणून देता येते. आवाज तरीही थोडा बदलतो. स्वतः डब केलंत तर तोही प्रश्न मिटतो, एकच काका सगळीकडे.

म्हणूनच सुरुवातीला म्हटलं तो साचा दिसतो. प्रत्येक कटला नवा माणूस, कारण तोच माणूस टिकवणं अवघड. प्रत्येकाला एक वाक्य, कारण तीस अक्षरं. चेहरा मध्यभागी आणि कॅमेरा स्थिर, कारण तसा ओठ नीट बसतो. एखाद्या क्लिपमध्ये हे तिन्ही एकत्र दिसलं, त्यात मागच्या दुकानांच्या पाट्यांवर देवनागरीसारखं पण न वाचता येणारं काहीतरी असलं, की थांबा आणि प-ब-म च्या फ्रेम बघा. इतवारीतला खरा व्हिडिओ असेल तर एकातरी पाटीवर दुकानाचं नाव बहुधा वाचता येतं. पण एक लक्षात घ्या: ओठ बरोबर असणं हा खरेपणाचा पुरावा नाही. आत्ताच आपण ते बरोबर बसवायची पद्धत पाहिली.

आता बडग्याकडे परत येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. कागद-बांबूच्या पुतळ्यावर पुढाऱ्याचं नाव लिहून त्याला शिव्या घालणं आणि त्याच पुढाऱ्याच्या हुबेहूब चेहऱ्याच्या तोंडात आपली ओळ घालणं, या दोन गोष्टी दिसायला एक वाटतात. पुतळ्याकडे बघून कुणालाही वाटत नाही की तो माणूस खरंच तसं म्हणाला. क्लिपकडे बघून वाटू शकतं, आणि आठ सेकंदांची क्लिप फॉरवर्ड होताना "मारबत स्पेशल" हे कॅप्शन पहिल्याच ग्रुपमध्ये गळून पडतं. उरतो चेहरा आणि वाक्य.

केंद्र सरकारने आयटी नियमांत केलेली दुरुस्ती 20 फेब्रुवारी 2026 पासून लागू आहे. खऱ्यासारखा भासणारा कृत्रिम ऑडिओ-व्हिडिओ स्पष्ट लेबलशिवाय चालत नाही, मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांनी अपलोड करणाऱ्याकडून तसं विचारून घ्यायचं आहे, आणि एकदा लावलेलं लेबल काढता येत नाही. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आला तर मजकूर काढायला प्लॅटफॉर्मकडे तीन तास असतात. रंग नीट करणं, आवाज साफ करणं असल्या साध्या एडिटिंगला हे लागू नाही. आपला मसालेवाला साध्या एडिटिंगमध्ये बसत नाही. तो अस्तित्वातच नाही, तरी खरा वाटतो. म्हणजे त्यालाही लेबल हवं, मग तो कितीही निरुपद्रवी असो. यूट्यूब आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे अपलोड करताना त्याची खूण करायची सोय आहे.

व्हिओच्या क्लिपमध्ये सिंथआयडी नावाची न दिसणारी खूणही चित्रात मिसळलेली असते. तिच्यामुळे ती खूण असलेलीच क्लिप ओळखता येते. दुसऱ्या कंपनीच्या मॉडेलने बनवली असेल तर खूण सापडेलच असं नाही, आणि म्हणून "खूण नाही" याचा अर्थ "खरी आहे" असा होत नाही. ग्रुपवरचे बरेच वाद नेमके इथेच फसतात.

लेबलसाठी मी एक साधं करतो. कॅप्शनमध्ये लिहिण्यासोबत व्हिडिओच्या वरच्या भागात आठही सेकंद "एआयने बनवलेलं" असं लिहून ठेवतो, खालच्या बाजूला नाही, कारण स्टेटसवर टाकताना खालचा भाग लोकांच्या कॅप्शनखाली जातो. आणि ते चेहऱ्याच्या अगदी बाजूला ठेवतो, कडेला नाही. कडेला असेल तर कुणीही क्रॉप करून ते उडवू शकतो, चेहऱ्याजवळचं उडवायला गेलं तर चेहराच कापावा लागतो.